मामूनची तराजू आणि हुनैनची यादी

मराठीत एखादी गोष्ट फारच भन्नाट असली की आपण ‘अफलातून’ म्हणतो. नववीच्या वर्गात एकदा एका मुलीने विचारले, “सर, हा शब्द उर्दूतला की मराठीतला?” मी सांगितले, मूळचा दोन्हींतला नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो, म्हणजे प्लातोन. अरबीत ‘प’ नाही आणि शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून पुढे अलिफ लागला आणि प्लातोनचा अफलातून झाला. तिथून तो फारसीत, उर्दूत आणि मग मराठीत आला. ‘किमया’ हा शब्दही ग्रीकमधून अरबीमार्गेच आलेला.

तिचा पुढचा प्रश्न साधा होता. “मग ग्रीक पुस्तके अरबीत आणली कोणी? पैसे कोणी दिले?”

मी तेच उत्तर दिले जे वर्षानुवर्षे देत आलो होतो. बगदादचा अब्बासी खलिफा मामून. त्याने बैतुल हिकमा नावाची संस्था काढली, तिथे भाषांतरकार बसवले आणि हुनैन इब्न इसहाक या भाषांतरकाराला प्रत्येक पुस्तकाच्या वजनाइतके सोने तोलून दिले. मुले खूश झाली. तराजूच्या एका पारड्यात पुस्तक आणि दुसऱ्यात सोने, हे चित्र कोणाला आवडणार नाही? ही गोष्ट आपल्या जलशांतल्या भाषणांत, मासिकांत आणि आता व्हॉट्सॲपवरही फिरत असते.

पुढे एका सुट्टीत हा विषय नीट वाचायला घेतला, तेव्हा या गोष्टीचे टाके उसवायला लागले.

पहिला टाका वयाचा. हुनैनचा जन्म इराकमधल्या हीरा गावी इ.स. 808 च्या सुमारास झाला. मामून वारला 833 मध्ये. म्हणजे त्या वेळी हुनैन पंचवीस वर्षांचा होता. त्याचे बहुतेक काम, ज्यासाठी जग त्याला ओळखते, ते मामूननंतरच्या चाळीस वर्षांत झाले. दुसरा टाका साक्षीदाराचा. सोन्याची ही गोष्ट आपल्याला इब्न अबी उसैबिआ या वैद्यांच्या चरित्रकाराकडे मिळते, आणि तो तेराव्या शतकातला आहे, हुनैननंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. तो असेही सांगतो की हुनैनची पुस्तके जाड कागदावर, मोठ्या अक्षरांत, ओळींत भरपूर अंतर सोडून लिहिलेली आपण पाहिली, आणि हे सगळे वजन वाढावे म्हणून केले होते. जाड कागदाची पुस्तके त्याने खरोखर पाहिली असतील. पण त्यांचे कारण म्हणून सोन्याची गोष्ट जोडली गेली, की सोने मिळाले म्हणून कागद जाड झाला, हे कसे ठरवणार?

तिसरा टाका बैतुल हिकमाचा. या नावाचा एक ग्रंथसंग्रह खलिफांच्या राजवाड्यात होता हे खरे. पण तिथे ग्रीकमधून भाषांतरे करणारी मोठी संस्था चालत होती, याला त्या काळचा भक्कम पुरावा मिळत नाही. दिमित्री गुतास यांनी 1998 मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला. सगळ्यात बोलकी गोष्ट अशी की खुद्द हुनैनने आपल्या कामाचा जो तपशीलवार हिशेब लिहून ठेवला आहे, त्यात बैतुल हिकमाचे नाव एकदाही येत नाही.

वाचकहो, हा हिशेबच माझ्या या लेखाचा खरा विषय आहे.

सुमारे 856 मध्ये हुनैनने अली इब्न यह्या या दरबारी गृहस्थाला एक लांबलचक पत्र लिहिले. अली इब्न यह्या खलिफा मुतवक्किलच्या खास बैठकीतला माणूस, पुस्तकांचा शौकीन. त्याला हवे होते ते इतकेच: ग्रीक वैद्य गॅलेनची कोणकोणती पुस्तके आहेत, त्यांतली कोणती भाषांतरित झाली आणि कोणती राहिली. गॅलेन म्हणजे ज्याला आपले युनानी हकीम जालीनूस म्हणतात तो, इ.स. दुसऱ्या शतकातला. हुनैनने 129 पुस्तकांची यादी दिली. प्रत्येक पुस्तकासमोर त्यात काय आहे, आधी कोणी भाषांतर केले, ते बरे की वाईट, आपण कधी केले, कोणत्या भाषेत केले, आणि कोणासाठी केले, हे लिहिले. आश्चर्य म्हणजे त्या वेळी त्याची स्वतःची सगळी पुस्तके हातातून गेली होती. हे त्याने आठवणीतून लिहिले. या पत्राची हस्तलिखित प्रत इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहात होती. जर्मन अभ्यासक बेर्गश्ट्रेसर यांनी ती 1925 मध्ये छापून आणली.

‘कोणासाठी’ हा रकाना वाचत गेले की मामूनची तराजू बाजूला राहते आणि वेगळेच बगदाद दिसू लागते.

एकाच पुस्तकाची गोष्ट घेऊ. गॅलेनचे ‘पंथांविषयी’ नावाचे छोटे पुस्तक आहे. वैद्यकात अनुभवाला प्रमाण मानणारे, तर्काला प्रमाण मानणारे आणि ठरावीक पद्धतीने चालणारे असे तीन पंथ होते, त्यांच्यातला वाद त्यात आहे. वैद्यक शिकणारा विद्यार्थी पहिल्यांदा हेच पुस्तक वाचायचा. हुनैन सांगतो की त्याच्या आधी एकाने ते सिरियाकमध्ये आणले होते, पण तो भाषांतरकार फारच कच्चा होता. सिरियाक, जिला उर्दूत आपण सुरयानी म्हणतो, ती त्या भागातल्या ख्रिश्चनांची शिक्षणाची आणि उपासनेची भाषा. हुनैन स्वतः अरब ख्रिश्चन होता, त्याचे वडील औषधविक्रेते होते.

हुनैन साधारण वीस वर्षांचा असताना जुंदीशापूरच्या एका वैद्यासाठी त्याने हे पुस्तक नव्याने सिरियाकमध्ये केले. त्या वेळी त्याच्याकडे ग्रीक हस्तलिखित एकच होते, आणि तेही चुकांनी भरलेले. वीस वर्षे गेली. चाळिशीच्या सुमारास त्याचा शिष्य आणि भाचा हुबैश याने ते सुधारून मागितले. तोवर हुनैनकडे त्या पुस्तकाच्या अनेक ग्रीक प्रती जमल्या होत्या. त्याने आधी त्या प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि त्यांतून एक शुद्ध ग्रीक प्रत तयार केली. मग त्या शुद्ध प्रतीशी आपले जुने सिरियाक भाषांतर ओळीओळीने ताडले आणि दुरुस्त केले. आपण प्रत्येक पुस्तकाच्या बाबतीत हेच करतो, असे तो आवर्जून लिहितो. त्यानंतर काही वर्षांनी मुहम्मद इब्न मूसासाठी त्याने ते अरबीत केले.

आता यात पैसे देणारे मोजा. पहिल्या वेळी एक वैद्य. शेवटच्या वेळी मुहम्मद इब्न मूसा, जो शास्त्राचा जाणकार आणि श्रीमंत माणूस. मधली दुरुस्ती तर एका विद्यार्थ्याच्या आग्रहाने झाली. खलिफा यात कुठेच नाही. जे एक भाषांतर म्हणून आपण मोजतो, त्याला बाजारात वीस-पंचवीस वर्षे मागणी होती आणि दर वेळी ग्राहक बदलत होता.

यादी पुढे वाचली तर ग्राहकांचे दोन गट सरळ वेगळे होतात. सिरियाक भाषांतरे मुख्यतः वैद्य करवून घेत होते: खलिफांचा वैद्य जिब्रील इब्न बख्तीशू आणि त्याचा मुलगा, खलिफा मुअतसिमचा वैद्य सल्मवैह, आणि यूहन्ना इब्न मासवैह. हे सगळे ख्रिश्चन, धंद्याचे वाचन सिरियाकमध्ये करणारे. हुनैनने जिब्रीलसाठी पहिले काम केले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. या वैद्यांना जालीनूसचे पुस्तक शोभेसाठी नको होते. दरबारात एका रोगावर चार वैद्य चार मते देत, आणि ज्याच्याकडे जालीनूसचा नेमका उतारा असे त्याचे पारडे जड होई. पुस्तकात चूक असली तर नुकसान पेशंटचे आणि अब्रू वैद्याची.

अरबी भाषांतरे करवून घेणारे मुख्यतः मुसलमान होते, आणि त्यांत सगळ्यात वर नाव येते बनू मूसांचे. मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ. त्यांचा बाप मूसा इब्न शाकिर पूर्वी खुरासानात वाटमारी करायचा असे सांगतात. पुढे तो मामूनच्या जवळचा झाला आणि तो वारल्यावर मुलांचे शिक्षण मामूनच्या देखरेखीखाली झाले. हे भाऊ भूमितीचे आणि यंत्रांचे जाणकार होते, कालव्यांची सरकारी कामे त्यांच्याकडे असत आणि हाती भरपूर पैसा होता. जुन्या ग्रंथांत नोंद आहे की ते भाषांतरकारांच्या गटाला दरमहा सुमारे 500 दीनार देत, आणि हे पैसे भाषांतर करण्याचे व पूर्णवेळ त्याच कामाला बांधून राहण्याचे होते. एक दीनार म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम सोने. म्हणजे दरमहा दोन किलोहून जास्त सोने. तराजूच्या गोष्टीत सोने होते ते इथे खरोखर आहे. फक्त ते बक्षीस म्हणून एकदाच तोललेले नाही, महिन्याच्या पगारासारखे ठरलेले आहे. आणि देणारा खलिफा नाही.

या गटात हुनैन होता, हुबैश होता आणि साबित इब्न कुर्रा होता. साबित हर्रानचा, साबी पंथाचा, आधी सराफी करायचा. मुहम्मद इब्न मूसाने त्याची भाषांची आणि गणिताची जाण हेरून त्याला बगदादला आणले. युक्लिडच्या भूमितीचे अरबी भाषांतर हुनैनचा मुलगा इसहाकने केले, ते तपासून नीट केले साबितने. म्हणजे एका पुस्तकाच्या मागे पैसा मुसलमानाचा, भाषा ख्रिश्चनाची आणि गणिताची तपासणी साबी माणसाची, असे या बगदादमध्ये सहज घडत होते.

यादीत एक प्रसंग आहे जो मला शिक्षक म्हणून फार जवळचा वाटतो. गॅलेनचे आवाजाविषयी एक पुस्तक होते. हुनैनने ते वजीर मुहम्मद इब्न अब्दुल मलिकसाठी अरबीत केले. वजीर स्वतः साहित्यिक, त्यामुळे हुनैनने त्याच्या समजेला साजेल अशी काळजी घेतली. वजिराने ते वाचले आणि आपल्याला बरे वाटले तसे बरेच शब्द बदलून टाकले. पुढे मुहम्मद इब्न मूसाने दोन्ही प्रती समोर ठेवून पाहिल्या, वजिराने सुधारलेली आणि हुनैनची मूळची. त्याने मूळची निवडली. पैसे देणारा स्वतः शिकलेला असला की काय होते, ते या एका प्रसंगात दिसते. कधी तो काम बिघडवतो. पण ज्याला फरक कळतो असा दुसरा ग्राहक शेजारी असला, तर बिघडलेले टिकत नाही.

मग खलिफांनी काहीच केले नाही का? तसे म्हणणेही चूक होईल. मामूनच्या कितीतरी आधी, त्याचा आजोबा खलिफा महदी याने 782 च्या सुमारास ॲरिस्टॉटलचे ‘तोपिका’ हे वादविवादाच्या शास्त्राचे पुस्तक अरबीत करायला सांगितले. आज्ञा गेली ख्रिश्चनांच्या पूर्व चर्चच्या प्रमुखाकडे, तिमथी पहिला याच्याकडे. तिमथीचे पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो लिहितो की अबू नूह नावाच्या विद्वानाच्या मदतीने आपण हे काम सिरियाकमधून पार पाडले. त्याच पत्रात तो आपल्या मित्राला मार मत्तईच्या मठात या विषयाची आणखी पुस्तके आहेत का ते शोधायला सांगतो, आणि कोणासाठी शोधतो आहेस ते कळू देऊ नकोस असेही बजावतो. कारण तो मठ दुसऱ्या, विरोधी पंथाचा होता. महदीच्या दरबारात इस्लाम, ख्रिश्चन, मानी अशा मतांचे लोक वाद घालत. वाद जिंकायचा तर वादाचे नियम माहीत हवेत. म्हणून हे पुस्तक.

हारून रशीदच्या काळी त्याचा वजीर यह्या बरमकी पुढे आला. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीचा मोठा ग्रंथ, ‘अल्मजिस्ती’, अरबीत आणवण्याची खटपट पहिल्यांदा त्याने केली. बरमकी घराणे मूळचे बल्खमधल्या नवबहार या बौद्ध विहाराच्या प्रमुखांचे. त्याच यह्याच्या सांगण्यावरून मन्का नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचे पुस्तक समजावून दिले, अशी नोंद इब्न नदीमच्या ‘फिहरिस्त’मध्ये आहे. युक्लिडची भूमिती हज्जाज इब्न मतर याने दोनदा अरबीत केली, एकदा हारूनच्या काळी आणि एकदा मामूनसाठी. त्या प्रतींना ‘हारूनी’ आणि ‘मामूनी’ अशीच नावे पडली.

म्हणजे मामून या साखळीतला एक दुवा आहे, आणि दणकट दुवा आहे. पण सुरुवात त्याने केलेली नाही. मामूनच्या स्वप्नात ॲरिस्टॉटल आला, दोघांचा संवाद झाला आणि मग भाषांतरे सुरू झाली, ही गोष्ट त्याच ‘फिहरिस्त’मध्ये आहे. ते पुस्तक 987 मधले, म्हणजे मामून गेल्यानंतर दीडशे वर्षांनी लिहिलेले. आणि तो स्वप्न पाहण्याआधी निदान तीस वर्षे त्याच्या आजोबाची माणसे मठांतून ॲरिस्टॉटल शोधत होती.

या सगळ्याला मर्यादाही होती, आणि ती ग्राहकांनीच आखलेली होती. ज्याचा धंद्याला, राज्याला किंवा वादाला उपयोग ते आले: वैद्यक, भूमिती, खगोल, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान. ग्रीक नाटके आली नाहीत. होमरची महाकाव्ये अरबीत आली नाहीत, जरी हुनैन तरुणपणी होमरच्या ओळी म्हणत फिरताना दिसल्याची आठवण एकाने नोंदवून ठेवली आहे. त्याला आवडणारी कविता विकत घेणारा बगदादमध्ये कोणी नव्हता.

आणि ज्याला ग्राहक होते तेही सगळे हाती लागले नाही. गॅलेनचे ‘सिद्ध करण्याविषयी’ हे पंधरा भागांचे पुस्तक होते. एखादी गोष्ट पक्की सिद्ध झाली हे कसे ओळखायचे, याचे ते पुस्तक. आधी जिब्रीलने ते शोधायला फार कष्ट घेतले. मग हुनैन स्वतः निघाला. इराक, सगळा शाम, फलस्तीन, मिसर असे करत तो इस्कंदरियापर्यंत गेला. मिळाले ते फक्त दमिश्कमध्ये, आणि तेही जवळजवळ अर्धेच, क्रम विस्कटलेले आणि अपुरे. आज तर त्या पुस्तकाचे मूळ ग्रीक हरवलेलेच आहे, इकडेतिकडे काही तुकडे आणि उल्लेख तेवढे उरले आहेत.

आपल्याकडे या विषयावर दोन बाजूंनी बोलले जाते. एक बाजू म्हणते, आमच्या खलिफाने जगाचे इल्म वाचवले. दुसरी म्हणते, अरबांनी काय केले, ग्रीकांचे उतरवून घेतले, आणि उतरवले तेही ख्रिश्चनांनी. दोघांनाही हुनैनची यादी गैरसोयीची आहे. पहिल्या बाजूला ती सांगते की हे एका बादशहाची मेहेरबानी नव्हती. महदीपासून हुनैनच्या म्हातारपणापर्यंत, शंभर वर्षे, वैद्य, वजीर, चिटणीस आणि यंत्रकार आपापल्या खिशातून पैसे काढत होते. दुसऱ्या बाजूला ती सांगते की उतरवून घेणाऱ्याला पाच प्रती ताडून पाहण्याची गरज नसते. एकच पुस्तक वीस वर्षांनी पुन्हा दुरुस्त होते तेव्हा ते वाचून त्यावर काम करणारे लोक शहरात असतात, आणि त्यांना चूक खपत नसते.

त्या मुलीला मी नंतर वर्गात सांगितले, की मागे सांगितलेली सोन्याची गोष्ट बहुधा तशी घडलेली नाही. वर्गाचा जरा विरस झाला. मग मी फळ्यावर ‘पंथांविषयी’ या पुस्तकाचा प्रवास काढला: कच्चे भाषांतर, वीस वर्षांच्या मुलाचे भाषांतर, चाळिशीतली दुरुस्ती, शेवटी अरबी. प्रत्येक टप्प्यासमोर पैसे देणाऱ्याचे नाव. एक मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे त्यानेपण स्वतःच्या चुका लिहून ठेवल्या?”

हो म्हणालो. स्वतःच्या, आणि वजिराच्याही.